टोळीचा बाँड

आंबा घाटाकडनं ढग उतरायला लागले आणि भाताची लावण सुरू झाली, की मलकापुरात माझ्या टेबलासमोर ऊसवाहतूकदार दिसायला लागतात. कारखान्याचं धुराडं पेटायला अजून चार महिने असतात, पण टोळी आत्ताच बांधायची असते. शाहूवाडी तालुक्यातला ट्रॅक्टरमालक बीडकडच्या मुकादमाला उचल देतो, मुकादम ती पुढं कोयत्यांना वाटतो, आणि या सगळ्या व्यवहाराला पुरावा म्हणून उरतो तो स्टँपवर लिहिलेला करार. बोलीत त्याला बाँड म्हणतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यामागं ठरते आणि एका टोळीची रक्कम सहज लाखांच्या घरात जाते. एवढा पैसा बहुतेक वेळा छापील नमुन्यावर, मोकळ्या जागा भरून, चहा पिऊन होईपर्यंत सह्या करून दिला जातो. बाँड लिहून देणं हाच माझा धंदा असल्यामुळं असे कागद पुढं कुठं अडकतात हे मला जवळून बघायला मिळतं.

बांबवड्याकडचा एक ट्रॅक्टरमालक असाच एक कागद घेऊन आला होता. तो दुसरीकडं केलेला होता, आदल्या वर्षीचा. टोळी आली नाही, मुकादम फोन उचलेना, म्हणून त्यानं पैशासाठी दावा लावला होता. कागद तीन पानांचा. पहिलं पान स्टँपचं, त्यावर दोघांची नावं, पत्ते आणि खाली दोघांच्या सह्या. दुसरं पान हिरवट लेजर पेपरचं, त्यावर कोयत्यांची संख्या आणि उचलीची रक्कम. तिसऱ्या पानावर मजकूर एक ओळही नाही, फक्त "लिहून देणार", "लिहून घेणार", "साक्षीदार" आणि सह्या. दुसऱ्या पानावर कुणाचीच सही नव्हती. पहिल्या पानावरच्या मोकळ्या जागा निळ्या शाईनं भरलेल्या, दुसऱ्यावरच्या काळ्या. रक्कम 7,20,000, तीही आकड्यातच. अक्षरी रकमेची जागा तशीच मोकळी होती.

मुकादमाचं म्हणणं होतं, मी घेतले 4,20,000, सही केली तेव्हा रकमेची जागा कोरी होती. मालकाचं म्हणणं, कोरी होती हे खरं, पण पुढच्या महिन्यात टोळी ठरल्यावर उरलेले पैसे दिले आणि मग आकडा भरला, त्यालाही ते माहीत होतं. पैसे रोख दिलेले. मला विचाराल तर मालक खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पण तसं छातीठोक सांगताही येत नाही, आणि कोर्टाला तर मालकाचा चेहरा बघून निकाल द्यायचा नसतो. कागदात खोट कुणी केली हा प्रश्न पुढचा. खोट करायला जागा होती का, एवढं उलटतपासणीत दाखवून दिलं की समोरच्याचं निम्मं काम होतं.

आणि इथं जागा भरपूर होती. मी तो कागद उजेडात धरून बघितला. पहिल्या आणि तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात टाचणीची भोकं दोन-दोन जोड्या, दुसऱ्या पानाला एकच जोडी. म्हणजे पानं एकदा सोडून पुन्हा टाचलेली. कदाचित झेरॉक्स काढायला सोडली असतील, घाईत मधल्या पानाला एकच टाचणी लागली असेल. खुलासा देता येतो, पण खुलासा द्यावा लागणं हेच वाईट. तिसऱ्या पानावर मजकूरच नसल्यामुळं ते पान कुठल्याही कराराला जोडता आलं असतं. साक्षीदार दोन: एक मालकाचा मेव्हणा, दुसरा टायपिंगच्या दुकानात काम करणारा पोरगा. पोरानं सरळ सांगितलं, "सायबांनी सही कर म्हटलं, मी केली. आधीच्या सह्या झालेल्या हुत्या." मेव्हण्याला विचारलं, रक्कम किती लिहिली होती? तो म्हणाला सात लाख वीस हजार. पुढचा प्रश्न ठरलेलाच: तुमची सही झाली तेव्हा ती जागा कोरी होती ना? शेवटी लोकन्यायालयात मधल्या आकड्यावर तडजोड झाली, मालकानं उरलेल्या पैशावर पाणी सोडलं, आणि पुढच्या हंगामाचा बाँड लिहायला तो माझ्याकडं आला.

पान बदलण्याची ही भीती काही आजची नाही. मलकापूर हे विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं, त्यामुळं मोडी कागद वाचणारी माणसं या भागात अजून भेटतात. अशा एका जाणत्यानं मला जुन्या कागदांची रचना दाखवली होती. लांब मजकूर असला की कागदाचे बंद खळीनं एकाखाली एक चिकटवत, आणि पाठीमागून प्रत्येक जोडावर शिक्का उठवत. जोड सुटला तर शिक्का फाटणार. मजकूर संपला की लगेच मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी "मर्यादेयं विराजते" अशी मुद्रा असते ती यासाठीच, तिच्याखाली कुणी ओळ वाढवायची नाही. ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी ठरलेली: पाटील-कुणबी असेल तर नांगर, आणि शेजारी ती कुणाची हे लिहिणाऱ्याच्या हातचं. आपण आज पानोपानी सही घेतो, शेवटी रेघ मारतो आणि अंगठ्याशेजारी नाव लिहितो, ते तेच काम आहे.

तर नवा बाँड. मुकादम दुसरा होता, माणूस बोलायला मोकळा. बारा कोयते, कोयत्यामागं 80,000, एकूण 9,60,000. त्यातले 4,00,000 सहीच्या दिवशी, उरलेले 2,80,000 चे दोन हप्ते. मी आधी स्टँप मागवला. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा साध्या कराराला 500 रुपयांचा स्टँप लागतो. तो मालकाच्या नावानं घेतला. मालक म्हणाला, घरात गेल्या दिवाळीचा एक पडलाय, तो चालवू या की. तो चालत नाही. आपल्या राज्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत न वापरलेला स्टँप बाद होतो. आणि बाद झाला नसता तरी मी तो टाळलाच असता. जुना स्टँप म्हणजे मागची तारीख टाकायची सोय, असं समोरचा वकील म्हणतो. सर्वोच्च न्यायालयासमोर 2008 साली तामिळनाडूतला एक खटला निकाली निघाला, तिरुवेंगड पिल्लईंचा. त्यात करार 1980 चा, पण त्याचे दोन स्टँप 1973 आणि 1978 साली घेतलेले. तिकडच्या कायद्यात मुदतीचं बंधन नसल्यामुळं जुन्या स्टँपनं करार आपोआप रद्द होत नाही असं न्यायालयानं म्हटलं, पण संशयाला ती एक जागा होऊ शकते हेही मान्य केलं. पाचशे रुपये वाचवून असली जागा कशाला ठेवायची? उलटी चूक त्याहून वाईट, म्हणजे आधी साध्या कागदावर सह्या आणि नंतर सवडीनं स्टँप. कायदा सहीआधी, सहीच्या वेळी किंवा फार तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी एवढीच सवलत देतो. स्टँप विक्रेत्याच्या रजिस्टरला तारीख असते, ती कराराच्या तारखेनंतरची निघाली की बोलायला काही उरत नाही.

मोकळ्या जागेचा प्रश्न टोळीच्या बाँडमध्ये खरा आहे, नुसता आळस नाही. जूनमध्ये मुकादमालाच माहीत नसतं की दिवाळीला किती कोयते निघतील. म्हणून दोघंही म्हणतात, "जागा मोकळी ठेवा, मागनं भरू." मी जागा ठेवत नाही, अटच तशी लिहितो. मुकादम बारा कोयते पुरवील, उचल दर कोयत्यास 80,000, कोयते कमी आले तर तेवढ्या कोयत्यांची उचल अमुक तारखेपर्यंत परत करील. मजुरांची नावं ठरली नसतील तर "टोळीची यादी वेगळ्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी, या करारास जोडली जाईल" असं वाक्य. यादी येईल तेव्हा तिला तिची तारीख आणि तिच्या सह्या. जे आज ठरलेलं नाही ते आज ठरलेलं नाही असंच कागदावर दिसलं पाहिजे. (एक गोष्ट मात्र मी कुणी कितीही सांगितलं तरी लिहीत नाही: उचल फिटेपर्यंत मजुरांना दुसरीकडं जाता येणार नाही. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यापुढं असली अट टिकत नाही, आणि टिकूही नये. मी पैशाचा हिशेब लिहितो, माणसं बांधून देत नाही.)

रक्कम आकड्यात आणि लगेच अक्षरी: रु. 9,60,000/-, अक्षरी रुपये नऊ लाख साठ हजार मात्र. आकड्यामागची "/-" आणि शेवटचं "मात्र" ही जागा बुजवायची साधनं आहेत. परिच्छेद जिथं ओळीच्या मध्यात संपतो तिथून समासापर्यंत रेघ. पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली तर तिरकी रेघ. नमुन्यातला जो मुद्दा लागू नाही तो कोरा सोडायचा नाही, तिथं "लागू नाही" लिहायचं. वाचून दाखवताना मुकादमानं गावाचं नाव दुरुस्त करायला सांगितलं. मालक म्हणाला, व्हाइटनर मारा. व्हाइटनरच्या खाली काय होतं हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ, जुना शब्द वाचता येईल अशी. वर नवा शब्द, शेजारी दोघांच्या छोट्या सह्या, आणि शेवटी सह्यांच्या वर एक ओळ: पान 1 वर ओळ 6 मध्ये एक शब्द खोडून दुसरा लिहिला आहे. हा करार नोंदवायचा नव्हता, पण सवय दुय्यम निबंधकाकडची. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 20 प्रमाणं खाडाखोड, मध्ये घुसवलेला मजकूर किंवा कोरी जागा असेल आणि तिथं लिहून देणाऱ्याची सही नसेल, तर अधिकारी दस्त घ्यायला नकार देऊ शकतो. घरगुती करारालाही मी हीच चाळणी लावतो.

पानं तीनच होती. प्रत्येकाच्या तळाशी "पान 3 पैकी 1" अशी नोंद. "पान 1" एवढंच लिहिलं तर शेवटी एखादं पान वाढवता येतं. तिन्ही पानं एकाच प्रिंटरवर, एकाच वेळी काढलेली. हप्त्यांची अट मी मुद्दाम तिसऱ्या पानावर ढकलली, म्हणजे सह्यांच्या डोक्यावर मजकुराच्या सात-आठ ओळी आल्या. आता ते सह्यांचं पान दुसऱ्या कराराला जोडलं तर लगेच कळेल. मग सह्या. पहिल्या दोन पानांवर तळाशी दोघांच्या छोट्या सह्या, तिसऱ्यावर पूर्ण. छोटी सही म्हणजे नुसता फराटा नव्हे. मालकानं पहिल्यांदा गोल गिरकी मारली तेव्हा मी थांबवलं. बँकेत जी सही चालते तिच्याशी जुळणारी, निदान आद्याक्षरं ओळखू येतील अशी हवी. उद्या तुलना करायची वेळ आली तर गिरकी कुणाचीही निघते.

मुकादमाला सही येत होती, पण त्याच्या भावाला, तो जामीन राहत होता, अंगठाच द्यायचा होता. आयुष्यभर कोयता धरलेल्या हाताचे ठसे झिजलेले असतात. पॅडवर बोट दाबून कागदावर दाबलं की काळा डाग उठतो, रेषा दिसत नाहीत. हात धुवून, कोरडा करून, शाई अगदी कमी लावून डावा अंगठा हलका टेकवायचा. आधी रद्दी कागदावर एक ठसा बघायचा, रेषा मोकळ्या दिसल्या की मगच करारावर. शेजारी लगेच लिहायचं: निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची, पूर्ण नाव, आणि "हस्ते" म्हणून ज्यानं ते लिहिलं त्याची सही. नाव न लिहिलेला अंगठा वर्षभरानं कुणाचा हे ठसेतज्ज्ञाशिवाय कुणी सांगू शकत नाही. जो वाचू शकत नाही त्याला मजकूर वाचून दाखवला एवढं लिहून भागत नाही, कुणी वाचून दाखवला तेही लिहायचं. आमच्यात थोडी गंमत झाली. मी वाचत होतो तसा भाऊ म्हणाला, "मालक, ह्ये जामिनाचं मला कुणी बोललंच न्हाई." मुकादमानं त्याला बाहेर नेऊन समजावलं, पाच मिनिटांनी दोघं परत आले. हे सहीआधी निघालं म्हणून पाच मिनिटांत मिटलं.

साक्षीदारांबद्दल लोकांचा एक गैरसमज पक्का आहे: साक्षीदार म्हणजे मजकूर खरा आहे असं सांगणारा. तसं नाही. साक्षीदार एवढंच सांगतो की या माणसानं माझ्यासमोर सही केली. मजकूर त्याला माहीत असलाच पाहिजे असं कायदा धरत नाही. गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांना दोन साक्षीदार कायद्यानंच लागतात. टोळीच्या बाँडला लागत नाहीत, पण सही नाकारली गेली तर सांगणार कोण, म्हणून घ्यायचे. म्हणजे साक्षीदार असा हवा की ज्यानं खरंच बघितलंय, जो सापडेल आणि जो येईल. मी दोन्हीकडचा एकेक घेतो. मुकादमासोबत त्याच्या गावचा एक शिकलेला तरुण आला होता, तो एक. मालकाकडून मेव्हणा पुन्हा हजर होता, त्याला मी चहा दिला आणि शेजारचा दूधसंस्थेचा सचिव बोलावला, ज्याला या व्यवहारात ना देणं ना घेणं. जामीन राहणारा भाऊ स्वतः करारात आहे, तो साक्षीदार होऊ शकत नाही. मी लिहिणारा, माझी सही "लेखक" म्हणून वेगळ्या जागी, ती साक्षीत मोजायची नाही. आधी करणाऱ्यांच्या सह्या, मग त्याच बैठकीत साक्षीदारांच्या, नाव, वय आणि गावासकट, त्यांच्या स्वतःच्या हातानं. "सही करून ठेवा, साक्षीदार सांजच्याला येऊन करतील" हे मी होऊ देत नाही. टायपिंगच्या पोराची साक्ष अशाच घाईतून जन्मते.

इथवर झाल्यावर मालकानं खिशातून एक कोरा स्टँप काढला. यावर मुकादमाची नुसती सही घेऊन ठेवतो, सोबत दोन कोरे चेक, तारणाला. या धंद्यात हा रिवाजच पडून गेलाय. मी त्याला दोन गोष्टींतला फरक सांगितला. सही केलेला कोरा चेक स्वखुशीनं दिला असेल तर घेणाऱ्याला तो भरता येतो, आणि तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी धरतं. 2019 साली बीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. पैसे तेवढे द्यायचे नव्हते हे मग देणाऱ्याला दाखवावं लागतं. कोऱ्या स्टँपवरच्या सहीला असा कुठलाही आधार नाही. त्यावर नंतर जे लिहाल ते त्यानं कबूल केलं होतं हे पूर्णपणे तुम्हाला सिद्ध करावं लागणार. त्याहून वाईट म्हणजे, असा स्टँप तुमच्याकडं आहे एवढं जरी बाहेर आलं तरी आज नीट केलेल्या या तीन पानांवरही संशय जाईल. स्टँप त्यानं परत खिशात घातला. चेकचं त्यांनी बाहेर काय केलं ते मला माहीत नाही.

राहिल्या प्रती. गेल्या वर्षी मूळ कागद एकच होता, मालकाकडं, आणि मुकादमाकडं झेरॉक्ससुद्धा नव्हती. त्यामुळं आकडा आपल्या मागं भरला हे त्याला दाखवता आलं नाही आणि त्याच्या माहितीनं भरला हे मालकाला. दुसरी मूळ प्रत मुकादमाच्या घरात असती तर वाद उभाच राहिला नसता. यंदा दोन प्रती. दोन्हींवर सगळ्यांच्या सह्या, दोन्हींवर "प्रत 2 पैकी 1", "प्रत 2 पैकी 2", दोन्हींत ती गावाच्या नावाची दुरुस्ती त्याच जागी, त्याच सह्यांनी, आणि शेवटी वाक्य की हा करार दोन प्रतींत केला असून दोन्ही सारख्या ग्राह्य आहेत. दुसऱ्या प्रतीलाही तिचा स्टँप लागतो. तो न लावता झेरॉक्सवर सह्या घेणं म्हणजे पैसे वाचवून प्रत निकामी करणं. पुराव्याच्या कायद्यात, 1872 च्या जुन्यात कलम 62 आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 57, एक बारीक पण कामाची तरतूद आहे. सगळ्यांच्या सह्या असलेली प्रत्येक प्रत हाच मूळ पुरावा. आणि दोन माणसांनी एकेका प्रतीवरच सही केली असेल, तर ती प्रत ज्याची सही तिच्यावर आहे त्याच्याविरुद्ध मूळ पुरावा. म्हणून ज्या प्रतीवर फक्त तुमचीच सही आहे ती जपून ठेवण्यात काही अर्थ नसतो. समोरच्याची सही असलेली प्रत तुमच्या घरात पाहिजे. सगळ्यांनी सगळ्यांवर सह्या केल्या की हा घोळच राहत नाही. चार लाख मी आरटीजीएसनं पाठवायला लावले आणि त्याचा यूटीआर क्रमांक दोन्ही प्रतींत घातला.

ऑगस्टच्या शेवटी मालक एकटाच आला. दुसरा हप्ता, 2,80,000, बँकेतनं पाठवला होता. "माझ्या प्रतीच्या पाठीमागं लिहून द्या की, मुकादमाला फोन लावतो, तो हो म्हणतोय." फोन लावला, मुकादम खरंच हो म्हणाला. पण त्याची प्रत बीडमध्ये, आणि एका प्रतीवर नोंद, दुसरीवर नाही, असं झालं की दोन प्रतींचा सगळा उपयोग गेला. मी पाठीमागं काही लिहिलं नाही. मुकादम कोयत्यांची यादी घेऊन पंधरवड्यात येणारच होता. तोवर बँकेची पावती फाइलला लावून ठेवायला सांगितली. तो आला तेव्हा वेगळी पावती केली, दोन प्रतींत. मूळ कराराची तारीख, स्टँपचा क्रमांक, यूटीआर, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोघांच्या सह्या, तेच दोन साक्षीदार. यादीत अकराच जोड्या निघाल्या. बाराव्या कोयत्याचे 80,000 तिसऱ्या हप्त्यातून वळते करायचं तिथंच ठरलं, आणि यादीखाली तेवढी ओळ लिहून दोघांनी सह्या केल्या.